अंतर्गत समितीचा चौकशी अहवाल : साक्षीदार नसलेल्या आरोपाचा निष्कर्ष कसा लिहावा?

वाघूरकाठ
मी जळगाव परिसरातील एका कारखान्यात लेखा विभाग सांभाळते आणि तेथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीची पीठासीन अधिकारी आहे. आमच्यापुढे आलेल्या एका तक्रारीची सुनावणी संपली असून आता अहवाल लिहायचा आहे. तक्रार गोपनीय असल्यामुळे तारखा, हुद्दे आणि वस्तू मी बदलून लिहीत आहे. मात्र अडचण जशी आहे तशीच ठेवली आहे.

गुणवत्ता तपासणीतील एका महिला कर्मचाऱ्याने शिफ्ट इनचार्जविरुद्ध तीन आरोप केले आहेत. पहिला, १० एप्रिलपासून त्याने रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर वैयक्तिक संदेश पाठवले आणि तिने १९ एप्रिलला स्पष्ट नकार कळवल्यानंतरही ते थांबवले नाहीत. दुसरा, २३ एप्रिलच्या संध्याकाळी स्टोअरमध्ये तिची वाट अडवून हात धरला. तिसरा, नकाराचा राग काढण्यासाठी वार्षिक मूल्यमापनात तिचे गुण कमी केले. तक्रार २ जुलैला आली.

संदेशांचा प्रश्न सोपा आहे, कारण ते त्यालाही मान्य आहेत. 'चेष्टेत लिहिले' एवढेच त्याचे म्हणणे आहे. मूल्यमापनावर अंतिम सही कारखाना व्यवस्थापकांची असल्यामुळे तो आरोप सिद्ध होत नाही, असे आमचे मत झाले आहे. खरा पेच स्टोअरचा आहे. तिथे त्या वेळी तिसरे कोणीही नव्हते. आमच्या एका सदस्याने कच्च्या मसुद्यात 'आरोप अंशतः सिद्ध, उभयतांनी समजुतीने काम करावे' असे एकच वाक्य लिहून सगळे प्रकरण मिटवले आहे. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय लिहावे हेही नीट सुचत नाही. ज्यांनी असे अहवाल लिहिले आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे.

आप्पा_चाळीसगाव
ताई, मी एका गिरणीत बरीच वर्षे कामगार प्रतिनिधी होतो आणि खातेनिहाय चौकशा पुष्कळ पाहिल्या आहेत. साक्षीदार नसेल तर आरोप सिद्ध होत नाही, हा साधा नियम आहे. एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध असेल तर संशयाचा फायदा ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच द्यावा लागतो. माणसाची नोकरी जाऊ शकते, हे विसरू नका. संदेशांबद्दल समज द्या आणि स्टोअरचा आरोप सोडून द्या.

भुसावळ_यार्ड
आमच्याकडे पॅसेंजर आणि चौकशी अहवाल या दोन्हींची वेळ फलकावर असते, प्रत्यक्षात नसते. ताई, तक्रार २ जुलैची आहे आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते, तेव्हा आधी दिवस मोजा.

काळा_कोट_धुळे
मी काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आप्पा, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. नोकरीचा प्रश्न असल्यामुळे निष्कर्षाला भक्कम कारणे हवीत, हे मान्य. परंतु संशयाचा फायदा हा फौजदारी खटल्याचा मापदंड आहे. अंतर्गत समिती कोणाला तुरुंगात पाठवत नाही. ती घटना घडली असण्याची शक्यता न घडली असण्यापेक्षा अधिक आहे का, एवढेच पाहते. असे प्रकार बहुधा कोणी नसतानाच घडतात, त्यामुळे प्रत्यक्षदर्शीची अट घातली तर अशी कोणतीही तक्रार कधीच सिद्ध होणार नाही.

याचा अर्थ 'तिने सांगितले म्हणजे खरे' असा मात्र नाही, आणि समित्या नेमक्या इथेच घसरतात. 'तक्रारदार जबाब देताना रडली, त्यावरून ती खरे बोलत असल्याचे दिसते' असे वाक्य मी एका अहवालात वाचले आहे. असे वाक्य अपिलात टिकत नाही, कारण रडू येणे किंवा न येणे यावरून स्टोअरमध्ये काय घडले हे ठरत नाही. त्याऐवजी दोघांचेही जबाब त्या दिवशीच्या कागदांशी आणि इतरांच्या सांगण्याशी ताडून पाहावेत. कोणाचा जबाब कुठे जुळतो आणि कुठे फाटतो, ते लिहावे.

म्हणून मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. त्या वेळी दोघेही स्टोअरमध्ये होते हे दाखवणारा कोणता कागद आहे? घटनेनंतर तिने ती कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितली? त्याने लेखी उत्तरात काय म्हटले आणि तोंडी जबाबात काय म्हटले? आणि मूल्यमापनावर अंतिम सही व्यवस्थापकांची असली तरी सुरुवातीचे गुण कोणी भरले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय तिसरा आरोप निकालात काढू नका. सही करणारा आणि गुण देणारा हे बहुतेक कारखान्यांत वेगळे असतात.

सातपुडा_शिक्षिका
माझा अनुभव लिहिते. काही वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातील एका संस्थेत मी स्वतः तक्रारदार होते. माझ्या हातात आलेला अहवाल दोन ओळींचा होता: 'सर्व संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' माझे पाच आरोप होते. त्यांपैकी कोणता कशामुळे मान्य झाला नाही, माझ्या साक्षीदाराचे म्हणणे समितीने का नाकारले, यातले काहीच त्यात नव्हते. निकाल विरुद्ध गेल्याचे दुःख एक वेळ पचले असते, परंतु अपील कशाविरुद्ध करावे हेच कळत नव्हते. त्यातच संस्थेत 'बाईंची तक्रार खोटी निघाली' अशी चर्चा सुरू झाली, कारण 'तथ्य नाही' याचा अर्थ लोकांनी तसाच घेतला. वाघूरकाठ ताई, कृपया प्रत्येक आरोपाला स्वतंत्र परिच्छेद द्या.

पतसंस्था_पारोळा
आमचे वसुली अधिकारी सर्वांसमोर मला अर्वाच्य शिव्या देतात आणि सुट्टीच्या दिवशीही कामाला बोलावतात. मी पुरुष आहे. मी या समितीकडे तक्रार करू शकतो का आणि अहवाल किती दिवसांत मिळेल?

काळा_कोट_धुळे
पतसंस्था दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण ही समिती त्यासाठी नाही. २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळापुरता आहे. तुम्ही संचालक मंडळाकडे सेवानियमांनुसार लेखी तक्रार करा. हा मुद्दा या धाग्यासाठीही उपयोगी आहे. समितीने एखादे वर्तन उद्धट, असभ्य किंवा अन्यायकारक ठरवले तरी ते लैंगिक स्वरूपाचे, नकोसे वर्तन होते का, याचे उत्तर अहवालात वेगळे द्यावे लागते. नाहीतर 'अधिकारी रागीट आहेत, हे खरे' असल्या निष्कर्षावर लैंगिक छळाची कारवाई होते, आणि ती पहिल्याच अपिलात कोसळते.

एचआर_एमआयडीसी
एक दुसरी बाजू मांडतो. तिसरा आरोप सिद्ध होत नसेल तर खोटी तक्रार केल्याबद्दल कारवाईची शिफारस करण्याची तरतूदही कायद्यात आहे. शिफ्ट इनचार्जच्याही बायकामुलांना गावात तोंड दाखवायचे असते. समितीने त्याबद्दल एक शब्दही लिहायचा नाही, हे मला एकतर्फी वाटते.

काळा_कोट_धुळे
तरतूद आहे, कलम १४. परंतु तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरावा अपुरा पडला, एवढ्यावरून ती लागू होत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. दुष्ट हेतू होता किंवा तक्रारदाराला खोटेपणा ठाऊक होता, हे स्वतंत्र चौकशी करून सिद्ध व्हावे लागते. 'सिद्ध झाले नाही' आणि 'खोटे आहे' हे दोन निराळे निष्कर्ष आहेत. इनचार्जच्या प्रतिष्ठेबद्दलची तुमची काळजी मात्र मी धुडकावत नाही. जो आरोप सिद्ध झाला नाही, तो सिद्ध न झाल्याचे अहवालात इतरांइतक्याच ठळकपणे लिहिले पाहिजे. गोपनीयताही दोघांसाठी सारखीच आहे.

संचालक मंडळ (धागा)
कारखाना कोणता, कोणत्या भागातला, हे कोणी विचारू नये. तसे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

वाघूरकाठ
सर्वांचे आभार. काळा कोट ताईंच्या प्रश्नांची उत्तरे देते.

कागद आहे. स्टोअरमधून रबर रिंगा नेल्याची मागणी चिठ्ठी आहे. तिच्यावर स्टोअरकीपरने हाताने ६.४० ही वेळ टाकली आहे. घेणारी म्हणून तक्रारदाराची आणि मंजुरीसाठी इनचार्जची सही आहे. स्टोअरकीपरने जबाबात सांगितले की चिठ्ठी घेऊन तो चहाला गेला आणि परत आला तेव्हा दोघेही तिथे नव्हते. त्याच संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तिने शेजारी बसलेल्या सहकारी महिलेला 'त्यांनी हात धरला, मी झटकून बाहेर आले' असे सांगितले. त्या महिलेने स्वतंत्रपणे जबाब देताना हेच शब्द सांगितले. दुसऱ्या दिवशी तक्रारदाराने शिफ्ट बदलून मिळावी असा अर्ज दिला आहे. त्यात कारण 'घरगुती' असे लिहिले आहे. इनचार्जने लेखी उत्तरात 'त्या दिवशी मी स्टोअरमध्ये गेलोच नाही' असे म्हटले. सुनावणीत चिठ्ठी दाखवल्यावर 'गेलो होतो, पण सही करून लगेच निघालो' असे सांगितले.

मूल्यमापनाचा मूळ फॉर्म मी आजच कार्मिक विभागाकडून मागवला. पहिल्या रकान्यातले गुण इनचार्जच्याच हस्ताक्षरात आहेत, म्हणजे आमचे कारण चुकीचे ठरते. परंतु त्याखाली ६ एप्रिल ही तारीख आहे आणि कार्मिक विभागाच्या आवक नोंदवहीत तो फॉर्म ८ एप्रिलला जमा झाल्याची नोंद आहे. तिने नकार दिला १९ एप्रिलला. त्यामुळे निष्कर्ष तोच राहतो, कारण मात्र बदलते.

काळा_कोट_धुळे
उत्तम काम केलेत; पण हा फॉर्म आणि नोंदवही थेट अहवालात घालू नका. सुनावणी संपल्यावर आलेला कागद दोन्ही पक्षांना दाखवून, त्यावर त्यांचे लेखी म्हणणे घेऊन मगच वापरता येतो. विशेषतः तक्रारदाराला तो दाखवलाच पाहिजे, कारण तो तिच्या विरोधात जातो. '६ एप्रिल ही तारीख मागची टाकली' असे तिचे म्हणणे असू शकते. मग आवक नोंदवहीचे महत्त्व वाढते. ९० दिवसांत बसत असेल तर एक छोटी बैठक घ्या. पीठासीन अधिकारी धरून किमान तीन सदस्य हजर हवेत.

घाईबद्दलही सांगते. गोव्यातील एका विद्यापीठाच्या प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कारवाई रद्द करून प्रकरण परत पाठवले. समितीने शेवटी शेवटी इतकी घाई केली की त्या प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधीच मिळाली नाही. म्हणजे तक्रारदारालाही बरीच वर्षे थांबून हाती काहीच लागले नाही. घाईने लिहिलेला अहवाल दोघांचेही नुकसान करतो.

आता स्टोअरच्या आरोपाबद्दल. तुमच्याकडे जे आहे ते पुरेसे आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र अडचणीचे मुद्देही अहवालात उघडपणे लिहा. शिफ्ट बदलण्याच्या अर्जात 'घरगुती' कारण आहे. इनचार्ज ते अपिलात नक्की पुढे करील. त्याबद्दल तिला विचारले होते का?

वाघूरकाठ
विचारले होते. तिचे उत्तर जबाबात असे नोंदले आहे: 'अर्ज इनचार्जच्याच टेबलावरून पुढे जातो, त्यांच्या हातात देण्याच्या कागदावर त्यांचेच नाव कसे लिहिणार?' शिफ्ट बदलाचे अर्ज खरोखरच त्याच्यामार्फत जातात, हे कार्मिक विभागाने सांगितले आहे.

वरील सूचनांवरून मी स्टोअरच्या आरोपाचा परिच्छेद असा लिहिला आहे:

'आरोप क्र. २. मागणी चिठ्ठीवरील वेळ व सह्यांवरून आणि स्टोअरकीपरच्या जबाबावरून, २३ एप्रिल रोजी सायंकाळी ६.४० च्या सुमारास तक्रारदार व प्रतिवादी दोघेही स्टोअरमध्ये होते आणि काही काळ तिथे अन्य कोणी नव्हते, हे दिसून येते. प्रतिवादींनी लेखी उत्तरात स्टोअरमध्ये गेल्याचे नाकारले व चिठ्ठी दाखवल्यानंतर ते मान्य केले. या बदलाचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यांना देता आले नाही. तक्रारदाराने घटना त्याच सायंकाळी सहकारी महिलेस सांगितली असून दोघींच्या जबाबांत महत्त्वाच्या बाबींवर विसंगती नाही. शिफ्ट बदलाच्या अर्जात घटनेचा उल्लेख नाही, हा प्रतिवादींचा आक्षेप समितीने विचारात घेतला. मात्र तो अर्ज प्रतिवादींमार्फतच सादर होत असल्याने तक्रारदाराचे स्पष्टीकरण समितीला स्वीकारार्ह वाटते. त्यामुळे प्रतिवादी खोटे बोलणारे असून आरोप सिद्ध होतो.'

काळा_कोट_धुळे
शेवटचे वाक्य बदला. माणूस खोटारडा आहे की नाही, हे ठरवणे समितीचे काम नाही. 'उपलब्ध पुराव्याचा एकत्रित विचार करता घटना घडली असण्याची शक्यता अधिक असल्याचे समितीचे मत आहे. सबब आरोप सिद्ध होतो' असे लिहा. त्यानंतर एक वाक्य जोडा: नकारानंतर वाट अडवून हात धरणे हे नकोसे शारीरिक वर्तन असून लैंगिक छळाच्या व्याख्येत बसते. बाकीचा परिच्छेद चांगला आहे.

आप्पा_चाळीसगाव
चिठ्ठीचा आणि बदललेल्या जबाबाचा मुद्दा आधी कळला असता तर मी वेगळे लिहिले असते. तरीही एक शंका राहतेच. बसमधल्या बाईंनी स्वतः काही पाहिले नाही, केवळ ऐकले. ऐकीव गोष्टीला इतके वजन द्यावे का?

काळा_कोट_धुळे
घटना पाहिल्याचा पुरावा म्हणून नाही. पण तक्रार करण्याचा विचारही सुरू होण्याआधी, त्याच संध्याकाळी तिने हेच सांगितले होते. म्हणजे ही कथा जुलैत रचलेली नाही, एवढे त्यातून दिसते. इतक्यापुरतेच वजन द्या आणि तसेच लिहा.

एचआर_एमआयडीसी
शिफारशीत काय लिहिणार आहात? माझ्या मते समितीने 'सेवानियमांनुसार योग्य कारवाई करावी' एवढेच लिहावे. शिक्षा ठरवणे हा व्यवस्थापनाचा अधिकार आहे.

काळा_कोट_धुळे
इथे मी सहमत नाही. 'योग्य कारवाई' असे मोघम लिहिले की व्यवस्थापन तोंडी समज देऊन फाईल बंद करते. कायदा समितीला शिफारस करायला सांगतो आणि मालकाने त्यावर ६० दिवसांत कार्यवाही करायची असते. अर्थात शिफारस तुमच्या सेवानियमांत किंवा स्थायी आदेशांत असलेल्या शिक्षांमधूनच हवी, आणि सिद्ध झालेल्या दोन आरोपांच्या प्रमाणात हवी.

मी असते तर लेखी माफी, ठरावीक काळासाठी वेतनवाढ रोखणे आणि तक्रारदाराच्या कामाचे पर्यवेक्षण व मूल्यमापन त्याच्याकडून काढून घेणे, असे सुचवले असते. बदली करायची झाल्यास त्याची. तिने स्वतः मागितल्याशिवाय तिची नाही. ती समुपदेशकाकडे गेली असेल आणि पावत्या असतील तर भरपाईचाही विचार करा. मात्र आकडा कसा आला, तो लिहा. मानसिक त्रास, औषधोपचाराचा खर्च, कामाच्या संधीचे नुकसान आणि त्याची आर्थिक परिस्थिती या गोष्टी पाहायच्या असतात.

सातपुडा_शिक्षिका
वेतनवाढ रोखणे पुरेसे आहे का? संदेश नकारानंतरही चालू राहिले आणि चारच दिवसांनी हात धरला. मला हे कामावरून काढण्याइतके गंभीर वाटते.

एचआर_एमआयडीसी
आधी कधी तक्रार नसलेल्या माणसाला थेट काढणे कामगार न्यायालयात टिकेल असे मला वाटत नाही.

वाघूरकाठ
आमच्या समितीतही याच मुद्द्यावर दोन मते आहेत. बाहेरच्या सदस्य कडक शिक्षेच्या बाजूने आहेत. ज्यांनी 'समजुतीने काम करावे' असे लिहिले होते ते सदस्य आता दोन्ही आरोप सिद्ध झाल्याचे मान्य करतात, परंतु लेखी ताकिदीपलीकडे जायला तयार नाहीत.

काळा_कोट_धुळे
'समजुतीने काम करावे' हे तर काढाच. समेट चौकशी सुरू होण्यापूर्वी आणि केवळ तक्रारदाराने मागितला तरच होऊ शकतो. चौकशीनंतरच्या अहवालात त्याला जागा नाही. शिक्षेबद्दल एकमत झाले नाही तर बहुमताची शिफारस लिहा आणि वेगळे मत असलेल्या सदस्याला कारणांसह स्वतंत्र टिपण जोडू द्या.

भुसावळ_यार्ड
एक गंभीर प्रश्न. अहवालाची प्रत इनचार्जला मिळणार म्हणजे बसमधल्या बाईंचे नाव त्याला कळणार. त्या बाई उद्याही त्याच बसने येणार आहेत.

काळा_कोट_धुळे
तिच्या जबाबाला उत्तर देण्याची संधी त्याला सुनावणीतच द्यावी लागते, त्यामुळे तो मजकूर त्याच्यापासून लपवता येत नाही. काही समित्या अहवालात 'साक्षीदार अ' असे लिहितात आणि नावांची यादी बंद पाकिटात फक्त मालकाकडे देतात. मी स्वतः त्याबाबत साशंक आहे, कारण एवढ्या तपशिलावरून साक्षीदार कोण हे त्याला ओळखता येतेच. साक्षीदारांना त्रास दिल्यास ते स्वतंत्र गैरवर्तन समजले जाईल, अशी शिफारस मात्र अवश्य घाला.

वाघूरकाठ
दोन्ही पक्षांना मूल्यमापनाच्या फॉर्मच्या आणि नोंदवहीच्या पानाच्या प्रती आज पाठवल्या असून लेखी म्हणणे मागवले आहे. बसच्या प्रश्नाबाबत साक्षीदार बाईंशीच बोलते. इनचार्जची शिफ्ट बदलल्यास बसची वेळही आपोआप वेगळी होईल, आणि तशी अंतरिम विनंती अहवालापूर्वीच व्यवस्थापनाकडे करता येईल असे दिसते. शिक्षेवरची बैठक त्यानंतर घेऊ.